शॉर्ट व्हिडिओला हॅशटॅग किती टाकायचे? आणि कुठे? (द्राक्षबागेचे व्हिडिओ)

बागवाला_निफाड
नमस्कार मंडळी. आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे, थॉमसन आणि थोडी माणिक चमन. गेल्या दीड वर्षापासून मी बागेतले छोटे उभे व्हिडिओ टाकतो, तीस ते पन्नास सेकंदांचे, यूट्यूब शॉर्ट्सवर आणि तेच इन्स्टाला रील म्हणून. करमणुकीचे नाहीत, कामाचे असतात. आत्ता फळछाटणी चालू आहे तर काडी हातात धरून दाखवतो की सबकेनच्या, म्हणजे शेंडा मारल्यावर फुटलेल्या काडीच्या, गाठीवर छाटायची का गाठीपुढं डोळे, म्हणजे फुटायच्या कळ्या, ठेवायचे, तसले.

माझी सवय अशी की एक मोठी यादी मोबाईलच्या नोट्समध्ये ठेवलीय, अठ्ठावीस हॅशटॅगची, आणि प्रत्येक व्हिडिओला ती जशीच्या तशी चिकटवतो. यूट्यूबला चालून जातं. पण इन्स्टा आता पाचाच्या पुढं घेतच नाही, म्हणून कुठले पाच ठेवायचे आणि कुठले काढायचे यावर अडकलोय. आणि दुसरं म्हणजे ते वर शीर्षकात टाकायचे का खाली, का पहिल्या कमेंटमध्ये? मित्र तिघं आणि तिघांची तीन मतं. परवाच्या व्हिडिओचं यूट्यूबचं शीर्षक आणि डिस्क्रिप्शन खाली देतो, सगळी यादी देत नाही, सुरुवात देतो.

```
शीर्षक: द्राक्ष #फळ छाटणी #viral #shorts #trending
डिस्क्रिप्शन: #द्राक्ष-बाग #grapes #grapelover #wine
#fruit #fruitcutting #farmer #village #fyp #india ...
```

व्हिडिओ चांगला आहे असं मला वाटतं, बागेतले लोक फोन करून सांगतात की उपयोग झाला, पण नवीन शेतकरी पोचत नाही. बघणारे कोण आहेत तेच कळत नाही.

रांगोळीवेडी
दादा यूट्यूबवर हॅशटॅग कमी करू नका हं. मी रांगोळीचे व्हिडिओ टाकते आणि माझा एक रील दिवाळीत लाखाच्या वर गेला होता तेव्हा इन्स्टाला तीस चालायचे आणि मी पूर्ण तीस टाकले होते. जितके जास्त टाकू तितक्या जास्त ठिकाणी आपला व्हिडिओ दिसतो, साधी गोष्ट आहे, तीस दारं उघडी ठेवली तर कुठल्या तरी दारातून माणूस येणारच ना. आणि #shorts तर टाकायलाच लागतं नाहीतर तो शॉर्ट म्हणून धरतच नाहीत.

साधा माणूस
हॅशटॅगपेक्षा टॅग भरा. यूट्यूब स्टुडिओत खाली टॅगची चौकट असते त्यात 500 अक्षरं मावतात, मी ती काठोकाठ भरतो. द्राक्ष, द्राक्षे, द्राक्ष शेती, नाशिक द्राक्ष, सगळं. तो खरा हॅशटॅग.

निळी छत्री
बागवाले दादा, तुमचं कॅप्शन नीट वाचलं, त्यात एक गंमत नाही तर चक्क चूक आहे आणि तीच आधी सांगते, कारण संख्येपेक्षा ती जास्त नडतेय.

तुम्ही लिहिलंय #फळ छाटणी. मध्ये स्पेस आहे. हॅशटॅग स्पेस आली की तिथे संपतो. म्हणजे तुमचा हॅशटॅग झाला नुसता #फळ, आणि "छाटणी" हा बाहेरचा साधा शब्द राहिला. तसंच #द्राक्ष-बाग, यात मधली आडवी रेघ आली की तो तुटतो, उरतं #द्राक्ष. आता #फळ आणि त्याच्या जोडीला #fruit, #fruitcutting. हे हॅशटॅग उघडून बघा एकदा. कलिंगड कापणं, आंब्याच्या फोडी, सॅलड सजवणं. तुम्ही फळछाटणी सांगताय आणि तुमच्या व्हिडिओवर पाटी लावलीय फळं कापण्याची.

तपासायची पद्धत सोपी आहे. व्हिडिओ टाकल्यावर स्वतःच्या फोनवर तो उघडा आणि कॅप्शनमधला कुठला भाग वेगळ्या रंगात किंवा ठळक दिसतोय, बोट लावल्यावर कुठं जातोय ते बघा. जेवढं दाबलं जातं तेवढाच हॅशटॅग. मराठीत दोन शब्द असतील तर जोडूनच लिहायचे, #फळछाटणी. पाहिजे तर खालची रेघ चालते, #फळ_छाटणी, पण ती कोण टाईप करून शोधतो हा प्रश्नच आहे, म्हणून मी जोडून लिहिते.

मी पुण्यात दुकानदारांची, छोट्या उद्योगांची सोशल मीडियाची पानं सांभाळते, सात-आठ वर्षं झाली. बाकीचं संध्याकाळी लिहिते.

बागवाला_निफाड
ताई खरंच! आत्ता उघडून बघितलं. #फळ वर बोट लावलं तर पहिलाच व्हिडिओ पपई कापायचा. दीड वर्ष हे चाललंय आणि मला एकदाही दिसलं नाही. वाट बघतो.

गुरुजी सातारकर
मी निवृत्त शिक्षक आहे. मुलांसाठी पाढ्यांचे व्हिडिओ करतो, नातू मदत करतो. हा धागा वाचून विचारावंसं वाटलं. मी हॅशटॅग व्हिडिओवरच लिहितो, एडिट करताना खाली पांढऱ्या मोठ्या अक्षरांत, #पाढे #मराठीशाळा असे. म्हणजे बघणाऱ्याला सतत दिसावेत. पण कुणी त्यावरून आल्याचं दिसत नाही. अक्षरं अजून मोठी करू का?

निळी छत्री
गुरुजी, नाही, अक्षरं मोठी करून उपयोग नाही. व्हिडिओच्या चित्रात लिहिलेला हॅशटॅग हा फक्त चित्रातला मजकूर असतो, त्यावर बोट ठेवून कुठंच जाता येत नाही. तो टाईप केलेल्या कॅप्शनमध्येच असायला हवा. आणि उभ्या व्हिडिओत खालचा भाग अॅपने आधीच घेतलेला असतो, तिथे चॅनेलचं नाव, कॅप्शन, गाण्याचं नाव येतं, उजव्या कडेला लाईक-शेअरची बटणं. तुमची पांढरी अक्षरं त्याच्या खाली अर्धी झाकली जात असणार. तिथे हॅशटॅग लिहिण्यापेक्षा स्क्रीनच्या वरच्या-मधल्या भागात "सतराचा पाढा" एवढं मोठं लिहा, ते मुलालाही कळतं आणि आईलाही.

गुरुजी सातारकर
बरं. सतराचा पाढा खरोखरच सगळ्यात जास्त बघितला जातो. बदल करतो.

निळी छत्री
हां, आता सविस्तर.

आधी आकडे, म्हणजे नियमातले. यूट्यूबवर एका व्हिडिओला 60 च्या वर हॅशटॅग झाले तर यूट्यूब त्या व्हिडिओचे सगळेच हॅशटॅग धरत नाही, साठावा चालला आणि एकसष्टावा गेला असं नाही, सगळे बाद. दादांचे अठ्ठावीस त्यात बसतात, म्हणून "चालून जातं" असं त्यांना वाटतं. पण यूट्यूबच्याच मदतपानावर लिहिलंय की जितके जास्त हॅशटॅग घालाल तितके ते शोधणाऱ्याच्या दृष्टीने कमी संबंधित होत जातात. आणि डिस्क्रिप्शनमधले जास्तीत जास्त तीन शीर्षकाजवळ दाखवले जातात, बाकीचे पंचवीस डिस्क्रिप्शन उघडल्याशिवाय कुणाला दिसतही नाहीत. शॉर्ट बघताना डिस्क्रिप्शन कोण उघडतो?

इन्स्टाग्रामवर पूर्वी 30 ची मर्यादा होती, रांगोळीवेडीताईंनी सांगितलं ते त्या काळाचं. 2021 मध्येच त्यांच्या क्रिएटर्सच्या खात्यावरून तीन ते पाच टाका असा सल्ला दिला होता, कुणी मनावर घेतला नाही. डिसेंबर 2025 मध्ये त्यांनी पाचाची मर्यादाच जाहीर केली. त्याच्या वर्षभर आधी, डिसेंबर 2024 मध्ये हॅशटॅग फॉलो करायची सोयही काढून टाकली होती. म्हणजे पूर्वी एखादा माणूस #grapefarming फॉलो करायचा आणि तुमचा व्हिडिओ आपोआप त्याच्या फीडमध्ये यायचा, ते दार आता बंद आहे. तीस दारांचा हिशोब तिथेच बिघडला.

मग जास्त का वाईट? माझं समजणं असं. शॉर्ट किंवा रील हे मुख्यतः लोक शोधून बघत नाहीत, अॅप त्यांच्यापुढे आणून ठेवतं. अॅप थोड्या लोकांना दाखवतं, ते थांबले का, पूर्ण बघितलं का, का अंगठ्याने वर ढकललं, हे बघून पुढं दाखवायचं का ते ठरतं. हॅशटॅगचं काम यात एवढंच की हा व्हिडिओ कशाबद्दल आहे याचा एक इशारा द्यायचा आणि कुणी तो शब्द शोधला तर तिथं सापडायचं. तुम्ही #wine, #fruitcutting, #village, #grapelover असं सगळं लिहिलं तर त्यातून आलेला माणूस कोण? एकाला वाईन पाहिजे, एकाला द्राक्षं चावण्याचा आवाज ऐकायचाय. त्यांना काडी आणि डोळा बघून काय करायचंय, दोन सेकंदांत पुढं सरकतात. ते आले नसते तर बरं झालं असतं, कारण त्यांचं निघून जाणं तुमच्या व्हिडिओच्या खात्यात लिहिलं जातं.

आणि #viral #trending #fyp हे तर विषयच सांगत नाहीत. त्या पानांवर जगातलं सगळं येऊन पडतं, तुमचा व्हिडिओ तिथे किती वेळ वर राहणार? #fyp तर मुळात टिकटॉकच्या "फॉर यू" पानाचा शब्द, टिकटॉक आपल्याकडे जून 2020 पासून बंद आहे, पण यादीत तो तसाच राहिलाय.

#shorts बद्दल, ते टाकणं सक्तीचं नाही. उभा किंवा चौकोनी आणि तीन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ आपोआप शॉर्ट धरला जातो. तुमच्या शीर्षकात ती जागा फुकट जाते.

साधा माणूस, तुम्ही म्हणता ती चौकट वेगळी आहे. ते टॅग बघणाऱ्याला दिसत नाहीत आणि यूट्यूबच सांगतं की व्हिडिओ सापडण्यात त्यांचा वाटा फार थोडा, मुख्यतः ज्या शब्दाचं स्पेलिंग लोक चुकीचं लिहितात त्यासाठी त्या चौकटीचा उपयोग. भरलीत तर नुकसान नाही. फक्त तीच 500 अक्षरांची माळ उचलून डिस्क्रिप्शनमध्ये ओतू नका, ते त्यांच्या नियमात बसत नाही, व्हिडिओ काढूनही टाकू शकतात.

साधा माणूस
ओतलीय मी. बऱ्याच व्हिडिओंना. काढायला बसतो आज.

रांगोळीवेडी
सगळं मान्य ताई पण माझा लाख झाला तो कसा मग? डोळ्यांनी बघितलंय मी.

निळी छत्री
ताई तो झालाच, तो खोटा म्हणत नाहीये. एकच विचारते, तेच तीस हॅशटॅग तुम्ही तुमच्या बाकीच्या व्हिडिओंनाही टाकले होते का? जे चालले नाहीत त्यांना?

रांगोळीवेडी
हो. नोट्समध्ये यादी होती तीच. आता बघितलं तर त्याच यादीवर काही व्हिडिओ चारशे-पाचशेला थांबलेत. पण त्या एका व्हिडिओच्या आकडेवारीत तेव्हा हॅशटॅगवरून आलेले लोक वेगळे दाखवत होते आणि ते कमी नव्हते, त्यात #diwalirangoli होता. ते मी विसरणार नाही.

निळी छत्री
तो एक मला पटतो. दिवाळीच्या आठवड्यात लोक खरंच रांगोळी शोधतात, आज काढायचीय म्हणून शोधतात. म्हणजे तीसातला एक नेमका होता आणि तो नेमक्या दिवशी होता. उरलेल्या एकोणतीसांनी काय केलं ते तुम्हालाही सांगता येत नाही आणि मलाही. लाख होण्याचं कारण बहुधा तुमची रांगोळीच असावी.

मधुरिमा_ठाणे
एक विचारू? जास्त हॅशटॅग टाकले की शॅडोबॅन होतो म्हणतात, म्हणजे गुपचूप आपलं खातं दाबतात. माझ्या मैत्रिणीचे व्ह्यूज एकदम पडले होते, तिला एकाने सांगितलं की बंदी असलेला हॅशटॅग वापरलास म्हणून. खरं असतं का हे?

निळी छत्री
अर्धं खरं आहे. इन्स्टाग्राम काही हॅशटॅग खरंच अडवून ठेवतं, कधी कधी अगदी साध्या दिसणाऱ्या शब्दालासुद्धा, कारण त्या शब्दाखाली लोकांनी घाण टाकलेली असते. शोधल्यावर त्या पानावर पोस्टच दिसत नाहीत किंवा सूचना येते. पण व्ह्यूज पडले म्हणजे शॅडोबॅनच असं धरू नका. सेटिंगमध्ये अकाउंट स्टेटस म्हणून जागा आहे, तिथे तुमच्या पोस्ट इतरांना सुचवल्या जाऊ शकतात का नाही ते लिहिलेलं असतं, मैत्रिणीला तिथे बघायला सांगा. तिथे सगळं हिरवं असेल तर कारण दुसरीकडे शोधायचं, आणि ते बहुतेक वेळा पहिल्या तीन सेकंदांत सापडतं.

तासगावचा अण्णा
आमच्याकडंबी द्राक्षंच, तासगाव. बागवाले, तुमचा व्हिडिओ मी बघितलाय, काडी चांगली दाखवलीया. पर मला तो कसा सापडला सांगू का? हॅशटॅगनं न्हाई. मी सर्चला बोलून टाकलं "द्राक्ष छाटणी किती डोळ्यावर करावी" आणि त्यात चौथा-पाचवा तुमचा आला. आम्ही काय हॅशटॅग लावून शोधत न्हाई, माईकचं बटण दाबून बोलतो. बाग सोडून टायपिंग करत बसायला हात मोकळं कुठं असत्यात.

बागवाला_निफाड
अण्णा हे फार कामाचं सांगितलंत. मी काल रात्री स्टुडिओत जाऊन बघितलं, लोक कुठून आले ते तिथं दिसतं. बहुतेक सगळे शॉर्ट्स फीडमधून, त्याच्याखाली यूट्यूब सर्च, मग चॅनेलचं पान, आणि हॅशटॅगची पानं अशी एक ओळ असते ती जवळजवळ रिकामी. अठ्ठावीस हॅशटॅग आणि त्यावरून आलेली माणसं हाताच्या बोटांवर. सर्चमध्ये काय शब्द टाकले तेही दिसतं आणि त्यात "छाटणी", "डोळा", "गोळी घड" हेच शब्द, फळ कुठंच नाही.

निळी छत्री
दादा, तुमच्या आकडेवारीतच उत्तर आलं बघा. मग आता तुमचाच व्हिडिओ घेऊ.

कुठे टाकायचे याचं आधी. यूट्यूब शॉर्टला बघणाऱ्याच्या समोर असतं ते शीर्षक, ते 100 अक्षरांचं, आणि मराठीत काना, वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. नुसता "द्राक्ष" हा शब्द आपल्या डोळ्याला दोन अक्षरांचा दिसतो पण मोजताना सात होतात. म्हणून शंभर म्हणजे आपल्याला वाटतं तेवढी जागा नाही. शिवाय स्क्रीनवर पूर्ण शीर्षक दिसतही नाही, लांब असलं तर कापलं जातं. त्यामुळे शीर्षकात आधी माणसाला कळेल असं वाक्य, अण्णा बोलून शोधतात तसंच, आणि टाकायचाच तर शेवटी एखादा हॅशटॅग. शीर्षकाच्या सुरुवातीला किंवा मध्ये नको. वाक्याच्या मधे हॅशटॅग आला की वाचणारा अडखळतो, आणि त्यावर चुकून बोट लागलं तर तो तुमचा व्हिडिओ सोडून दुसऱ्यांच्या व्हिडिओंच्या पानावर जातो. हॅशटॅग हे बाहेर जायचंही दार आहे हे लक्षात ठेवायचं.

डिस्क्रिप्शनमध्ये दोन-तीन साधी वाक्यं, कुठली जात, कधीची छाटणी, कुठला भाग, आणि खाली तीन हॅशटॅग. फोनवरून टाकताना डिस्क्रिप्शनची जागा सापडली नाही तर नंतर स्टुडिओत जाऊन भरता येतं. दाखवले जाणारच तीन तर मी तीनवरच थांबते.

इन्स्टावर कॅप्शनची पहिली ओळच दिसते, बाकी "आणखी" दाबल्यावर. म्हणून पहिली ओळ वाक्याची, हॅशटॅग शेवटी. पहिल्या कमेंटमध्ये टाकायची पद्धत कॅप्शन स्वच्छ दिसावं म्हणून पडली होती, पण इन्स्टाग्रामच्या प्रमुखांनी 2021 मध्ये सर्चबद्दल लिहिताना स्पष्ट सांगितलं होतं की पोस्ट शोधून सापडावी असं वाटत असेल तर शब्द आणि हॅशटॅग कॅप्शनमध्ये टाका, कमेंटमध्ये नाही.

आता यादीतनं काढायचं कसं? प्रत्येक हॅशटॅग उघडा, पहिले आठ-दहा व्हिडिओ बघा आणि स्वतःला विचारा, हे बघणारा माणूस माझी काडी बघायला थांबेल का? #grapes उघडा, खाण्याचे आणि कलाकुसरीचे व्हिडिओ, गेला. #farmer, कुठल्याही देशातला ट्रॅक्टर, गेला. #द्राक्षबाग, तुमच्यासारखेच लोक, राहिला. मी असं काहीतरी करीन:

```
शीर्षक: द्राक्ष फळछाटणी: काडी किती डोळ्यांवर छाटायची? #द्राक्षबाग

डिस्क्रिप्शन: थॉमसनची ऑक्टोबर छाटणी, निफाड.
सबकेनची गाठ आणि पुढचा डोळा कसा ओळखायचा ते दाखवलं आहे.
#द्राक्षबाग #फळछाटणी #grapefarming
```

तीन का, तर एक तुमचं पीक, एक त्या व्हिडिओतलं नेमकं काम, आणि एक इंग्रजी अक्षरांतला जो मराठी न वाचणाऱ्या बागाईतदारालाही सापडेल. पहिला प्रत्येक व्हिडिओला तोच राहील, मधला दर वेळी बदलायचा, घड द्रावणात बुडवायच्या डिपिंगचा व्हिडिओ असला की डिपिंग. तीच यादी चिकटवायची सवय इथेच मोडते.

रांगोळीवेडी
पाच चालतात तर तीनच का पण?

निळी छत्री
पाच टाका की, पाच नेमके सापडत असतील तर. माझा अनुभव असा की चौथ्यापासून मी ओढून आणायला लागते. "अजून एक काय बरं" असं मनात आलं की तो बहुतेक वेळा बाहेरचा असतो. आणि एकच नेमका असेल तर एकच टाकून पुढं जाते.

कोकणस्थ_कॅनडा
मराठी लिपीतला हॅशटॅग हाच बरोबर असं सगळे धरून चाललेत पण मला शंका आहे. इथे आम्ही मुलांसाठी मराठी गोष्टींचे शॉर्ट्स करतो, आमचे बघणारे मराठी समजतात पण टाईप इंग्रजी कीबोर्डवर करतात. #marathigoshti वर माणसं येतात, #मराठीगोष्ट वर कुणी नाही. आणि मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ, एकवचन-अनेकवचन, द्राक्ष, द्राक्षे, द्राक्षं, तिन्ही वेगळे हॅशटॅग होतात. मी तर म्हणेन रोमन लिपीतलाच ठेवा.

तासगावचा अण्णा
आमच्या गावात बोलून शोधल्यावर फोनवर मराठीतच अक्षरं उमटत्यात. रोमन कुणाला येतंय.

निळी छत्री
याचं एक उत्तर माझ्याकडे नाही, बघणारा कोण यावर ठरतं. कॅनडात तुमचं बरोबर असेल, तासगावात अण्णांचं. दोन्ही लिपीतले तीन-तीन रूपं टाकून सगळे पकडू म्हणाल तर परत तिथेच येतो, सहा हॅशटॅग एकाच गोष्टीचे. एकेक लिपीतला एक निवडा आणि दोन महिने तोच ठेवा. बाकीची रूपं कॅप्शनच्या साध्या वाक्यात येऊ द्या, "द्राक्षं", "द्राक्ष बाग", शोध त्या शब्दांनाही धरतो.

बागवाला_निफाड
तीन आठवड्यांनी लिहितोय, बागेत पेस्टिंग आणि विरळणीत वेळ नव्हता.

जुन्या व्हिडिओचं शीर्षक आणि डिस्क्रिप्शन बदललं, व्हिडिओ परत टाकला नाही. शिवाय नवीन चार टाकले, सगळ्यांना तीन-तीन हॅशटॅग. एकूण व्ह्यूज फार वाढले असं नाही, खरं सांगतो, एका व्हिडिओला तर आधीपेक्षा कमी आहेत. पण स्टुडिओत जे दिसतं, किती जण थांबले आणि किती जणांनी पुढं ढकललं, त्यात थांबणारे चारही नव्या व्हिडिओंना जास्त आहेत. सर्चमधून येणारेही वाढले. आणि कमेंट बदलल्या. आधी "नाईस", "व्हेरी गुड", हात जोडलेले इमोजी. आता एकाने विचारलंय की पंधरा एप्रिलला खरड छाटणी झालीय, सबकेन उशिरा केली, तर गाठीजवळचा डोळा धरू का. दुसऱ्याने काडीचा फोटो पाठवायला नंबर मागितलाय. हे मला पाहिजे होतं.

मधुरिमा_ठाणे
म्हणजे हॅशटॅग कमी केल्याने झालं?

निळी छत्री
तसं म्हणता येणार नाही. दादांनी शीर्षक आणि हॅशटॅग दोन्ही एकदम बदलले, आणि छाटणीचा हंगामही भरात आला. माझ्या मते शीर्षकाचा वाटा मोठा आहे. नुसत्या हॅशटॅगचं कळायचं असेल तर पुढचे काही व्हिडिओ शीर्षक याच पद्धतीचं ठेवून फक्त हॅशटॅग काढून बघा, एकही न टाकता. काही फरक पडला नाही तर तेही कळेल.

बागवाला_निफाड
करतो तसं. आता पुढचा व्हिडिओ पानावर येणाऱ्या डाऊनीचा आहे, पानाच्या खालची पांढरी बुरशी जवळून दाखवणार. मधल्या हॅशटॅगला #केवडा लिहू का #डाऊनी? कृषी खात्याच्या पुस्तकात केवडा असतं.

तासगावचा अण्णा
डाऊनी लिवा. केवडा म्हणलं की आमची पोरं फुलाचा व्हिडिओ समजत्यात. औषधाच्या दुकानातबी डाऊनीवरचं द्या असंच मागतो आम्ही.

बागवाला_निफाड
उघडून बघितलं अण्णा, #केवडा वर खरंच सगळी फुलं आणि गणपतीची सजावट आहे. डाऊनीच टाकतो. वाक्यात "केवडा रोग" असं लिहून ठेवतो, कुणी पुस्तक वाचून शोधलं तर त्यालाही सापडेल.